काय झालं आणि कशामुळे झालं: प्रतिकूल घटनेच्या अहवालातली सीमारेषा

औषधाच्या चाचणीत सहभागी झालेली बाई तपासणीला येते आणि सांगते, ‘ती नवी गोळी मला बाधली.’ समोर बसलेला कोऑर्डिनेटर फाइल उघडतो. आता त्याने काय लिहायचं? ‘बाधली’ या शब्दात घटना आहे आणि निवाडाही. काहीतरी झालं आणि ते गोळीमुळे झालं, या दोन्ही गोष्टी बाईंनी एका दमात सांगितल्या आहेत. वैद्यकीय चाचण्यांच्या जगात गेली काही दशकं जो वाद चालू आहे, तो याच दोन गोष्टींना वेगळं कसं करायचं, किती करायचं आणि दुसरीचा निर्णय कोणी घ्यायचा, याबद्दलचा आहे. तो आज कुठवर आला आहे, ते पाहण्याचा हा प्रयत्न.

व्याख्येतच केलेली फारकत

औषधनियमनाच्या आंतरराष्ट्रीय समन्वय परिषदेने १९९४ मध्ये ‘ई२ए’ नावाचं मार्गदर्शक तत्त्व आणलं. त्यात ‘प्रतिकूल घटना’ म्हणजे औषध घेतलेल्या व्यक्तीला झालेली कोणतीही अनिष्ट वैद्यकीय गोष्ट. ती औषधाशी जोडलेली असायलाच हवी, अशी अट नाही. चाचणीतल्या माणसाचा मोटारसायकलवरून पडून पाय मोडला, तरी ती प्रतिकूल घटनाच. औषधाचा हात असण्याची वाजवी शक्यता दिसली, की मग ती ‘प्रतिकूल परिणाम’ या दुसऱ्या वर्गात जाते. आधी सगळं गोळा करायचं आणि चाळणी नंतर लावायची, असा हा क्रम आहे.

हा क्रम उलटा झाला तर काय होतं, हे फियालुरिडिनच्या चाचणीने दाखवलं. १९९३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हिपॅटायटीस बीच्या १५ रुग्णांना हे औषध देण्यात आलं. जूनमध्ये एक रुग्ण यकृत निकामी होऊन दाखल झाला आणि चाचणी थांबवली गेली. पण औषध बंद केल्यावरही इतर रुग्ण ढासळत गेले. एकूण सात जणांची यकृतं निकामी झाली. पाच दगावले आणि दोघे यकृत प्रत्यारोपणामुळे वाचले. मागे वळून पाहिल्यावर लक्षात आलं, की आधीच्या छोट्या चाचण्यांतही काही सहभागी आजारी पडले होते आणि काही मरण पावले होते. प्रत्येक वेळी डॉक्टरांकडे त्या माणसापुरतं पटणारं कारण होतं: मूळचा हिपॅटायटीस, एचआयव्ही किंवा सोबतची दुसरी औषधं. यकृताचे आकडे वाढले तर तेही विषाणूविरुद्धच्या लढाईचं लक्षण समजलं जाऊ शकत होतं. नंतरच्या चौकशांचं मात्र एकमत झालं नाही. अमेरिकी औषधप्रशासनाच्या आढाव्यात आधीच्या चाचण्यांमधले इशारे निसटल्याचं नोंदवलं गेलं, तर इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या १९९५ च्या अहवालाने संशोधकांना दोष दिला नाही. एक गोष्ट या मतभेदाच्या बाहेर राहते. एकेका रुग्णापाशी दिलेलं ‘आजारामुळे’ हे उत्तर चुकीचं आहे, हे त्या रुग्णाकडे कितीही निरखून पाहिलं तरी दिसणार नव्हतं.

भारतातही हा प्रश्न मोठ्याने विचारला गेला. २००९ मध्ये खम्मम आणि वडोदरा जिल्ह्यांत मुलींना एचपीव्ही लस देण्याचा एक प्रकल्प सुरू झाला. सात मुलींच्या मृत्यूंच्या बातम्यांनंतर एप्रिल २०१० मध्ये तो थांबवला गेला. चौकशी समितीला या मृत्यूंचा लसीशी संबंध दिसला नाही. २०१३ मध्ये संसदीय समितीने मात्र मृत्यूंची नोंद आणि तपास ज्या रीतीने झाला, तिच्यावर कडक टीका केली. ही लस आज जगभर दिली जाते आणि तिच्या सुरक्षिततेचा अनुभव मोठा आहे. म्हणून तर हे उदाहरण महत्त्वाचं वाटतं. ‘संबंध नाही’ हा निष्कर्ष बरोबर असू शकतो आणि तरीही त्याच्याखालच्या नोंदी अपुऱ्या असू शकतात. मग तो निष्कर्ष कुणाला दाखवून पटवता येत नाही.

एक अहवाल, दोनदा लिहिलेला

तत्त्वावर फारसं कुणाचं दुमत नाही. अडचण येते ती वाक्य लिहिताना. म्हणून एक घटना रचून पाहू.

मधुमेहाच्या नव्या गोळीची चाचणी आहे. कुणाला औषध आणि कुणाला प्लासिबो, हे ना डॉक्टरांना ठाऊक आहे ना रुग्णांना. ५२ वर्षांच्या एका सहभागी बाईंनी ४ जूनला पहिली गोळी घेतली. तेव्हा त्यांचं एसजीपीटी २८ होतं (प्रयोगशाळेची वरची मर्यादा ४०) आणि २ जुलैच्या तपासणीत ३४. २२ जुलैला त्या डोळे पिवळे झालेल्या अवस्थेत रुग्णालयात दाखल झाल्या. पहिला अहवाल असा गेला:

‘सहभागीला गुळवेलीच्या काढ्यामुळे औषधजन्य यकृतदाह झाला. विषाणूंच्या तपासण्या निगेटिव्ह. अभ्यासातील औषधाशी संबंध नाही.’

तीन छोटी वाक्यं आणि तिन्ही वाकलेली. पहिल्यात ‘मुळे’ हा प्रत्यय आणि ‘जन्य’ हा शब्द आहे. मराठीत कारण असं दोन अक्षरांत शिरतं. ‘यकृतदाह’ ही निरीक्षणांवरून काढलेली गोष्ट, ‘औषधजन्य’ हा निवाडा आणि ‘काढ्यामुळे’ हा त्याच्यावरचा आणखी एक निवाडा. दुसरं वाक्य निरीक्षणासारखं दिसतं, पण कोणत्या विषाणूंच्या तपासण्या हे त्यात नाही. फाइल पाहिली तर हिपॅटायटीस ए, बी आणि सी तपासले होते. हिपॅटायटीस ईची तपासणी पाठवलेलीच नव्हती, आणि महिना जुलैचा. पावसाळ्यात दूषित पाण्यातून येणाऱ्या काविळीत ई हा आपल्याकडचा पहिला संशयित. न केलेली तपासणी ‘निगेटिव्ह’ या शब्दात दडून गेली. तिसरं वाक्य निष्कर्ष आहे, पण तो कुणाचा, कधीचा आणि कशावरून काढलेला, हे लिहिलेलं नाही.

आता तीच घटना दुसऱ्या पद्धतीने:

‘१६ जुलै (४३ वा दिवस): भूक मंदावली, मळमळ, असं सहभागी सांगतात. १७ व १८ जुलै: अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, असं त्या सांगतात; रिकामी स्ट्रिप पाहिली. २० जुलै: लघवी गडद पिवळी. २२ जुलै (४९ वा दिवस): डोळे पिवळे, तपासणीत दिसले, रुग्णालयात दाखल. एसजीपीटी ४१२, एकूण बिलिरुबिन ४.६ (मर्यादा १.२), अल्कलाइन फॉस्फेटेस ११८ (मर्यादा १२०), आयएनआर १.२. हिपॅटायटीस ए, बी, सी निगेटिव्ह. हिपॅटायटीस ई या तारखेपर्यंत तपासलेला नाही. मुलीच्या सांगण्यानुसार ३ जुलैच्या सुमारास सुरू करून रोज सकाळी एक कप गुळवेलीचा काढा, वेल घराजवळची. वनस्पतीची ओळख पटवलेली नाही. अभ्यासातील गोळी आणि काढा, दोन्ही २२ जुलैला बंद.’

हा मजकूर लांब आहे आणि थोडा रूक्षही. पण वाचणाऱ्याला यातून स्वतःचा निष्कर्ष काढता येतो. कुणी पाहिलं आणि कुणी सांगितलं, हे प्रत्येक गोष्टीपाशी आहे. न केलेल्या तपासणीलाही तिची जागा मिळाली आहे. डॉक्टरांचं मत खाली, वेगळ्या रकान्यात, तारीख आणि सहीसह येतं: ‘२३ जुलै: संबंध शक्य. गोळी सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांनी त्रास. पण काढा आणि हिपॅटायटीस ई ही इतर कारणं अजून बाजूला ठेवता येत नाहीत.’ ३० जुलैला हिपॅटायटीस ईचा अहवाल निगेटिव्ह आला, तर त्या तारखेचं नवं मत त्याखाली लिहायचं. जुनं खोडायचं नाही.

इथे आणखी दोन गोष्टी एकमेकींत मिसळतात. ‘गंभीर’ हा शब्द नियमांत एका ठराविक अर्थाने येतो: मृत्यू, जिवाला धोका, रुग्णालयात दाखल व्हावं लागणं किंवा मुक्काम लांबणं, कायमचं अपंगत्व, जन्मजात व्यंग. त्रासाची तीव्रता हे वेगळं माप आहे. तीव्र डोकेदुखी नियमाने गंभीर नसू शकते, तर सौम्य भोवळीसाठी रात्रभर दाखल केलं तर ती घटना गंभीर ठरते. या दोन्ही मोजमापांचा कारणाशी संबंध नाही, तरी ‘फार गंभीर नाही, म्हणजे औषधाचं नसावं’ अशी घसरगुंडी नोंदींमध्ये नेहमी दिसते.

आणि सहभागीच्या तोंडच्या शब्दांचं काय? आपल्याकडे माणूस ‘पित्त झालं’ म्हणतो, तेव्हा आंबट ढेकर, मळमळ, डोकेदुखी किंवा अंगावर उठलेल्या गांधी, यांपैकी काहीही असू शकतं. ‘उष्णता झाली’ म्हणजे तोंड आलं असेल किंवा लघवीला जळजळ होत असेल. ‘चक्कर’ म्हणजे घर फिरणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं किंवा नुसता अशक्तपणा. हे शब्द इंग्रजी फॉर्ममध्ये उतरताना कोऑर्डिनेटर आपल्या अंदाजाने एक निदान निवडतो आणि मूळ शब्द हरवतो. माझ्या मते सहभागीचं वाक्य अवतरणात जसंच्या तसं ठेवावं आणि ‘म्हणजे नेमकं काय होतं?’ याचं उत्तर शेजारी लिहावं. ‘गोळी बाधली’ हेही असंच ठेवावं: सहभागीचं मत म्हणून.

निर्णय कोणी करायचा

कारणाच्या रकान्याबद्दल मुख्य भूमिका तीन आहेत.

पहिली म्हणते, रुग्णाला पाहणाऱ्या डॉक्टरचं मत सर्वांत मोलाचं. त्याला रुग्णाची जुनी दुखणी माहीत असतात, घरची परिस्थिती ठाऊक असते, चेहरा दिसतो. म्हणूनच युरोपीय मार्गदर्शनात अशी अट आहे, की प्रायोजक कंपनीने संशोधक डॉक्टरचं ‘संबंध शक्य’ हे मत खाली उतरवू नये. कंपनीचं वेगळं मत असेल, तर दोन्ही मतं अहवालात द्यावीत.

दुसरी भूमिका एकेका घटनेवरच्या मताकडे साशंकपणे पाहते. कॅन्सरच्या आंधळ्या चाचण्यांमध्ये प्लासिबो घेणाऱ्यांच्या तक्रारींचा मोठा भागही डॉक्टरांनी ‘औषधाशी संबंधित’ म्हणून नोंदवलेला आढळला आहे. स्टॅटिनमुळे त्रास होतो म्हणून ते सोडलेल्या ६० जणांवरचा सॅमसन अभ्यास २०२० मध्ये आला. स्टॅटिनच्या महिन्यांत जितका त्रास नोंदला गेला, त्याच्या सुमारे ९० टक्के त्रास प्लासिबोच्या महिन्यांतही नोंदला गेला. त्रास खरा होता, पण कारणाचा अंदाज बहुतांशी चुकीचा. अशा पुराव्यांमुळे ही बाजू म्हणते, की कारण दोन गटांची तुलना करूनच ठरवावं. अमेरिकी औषधप्रशासनाच्या २०१० च्या नियमाचा रोख असाच आहे. औषधांमुळे होण्यासाठीच ओळखल्या जाणाऱ्या दुर्मीळ घटना एकेकट्या कळवाव्यात. एरवीही त्या वयात आणि त्या आजारात होणाऱ्या घटना एकत्रित विश्लेषणात औषधगटात जास्त दिसल्या, तरच संबंधाचा पुरावा म्हणून कळवाव्यात. यावरचा आक्षेपही वजनदार आहे. छोट्या चाचणीत तुलनेला पुरेशा घटनाच नसतात आणि आकडे जमेपर्यंत वाट पाहायची, तर पुढच्या रुग्णाचं काय?

तिसरी भूमिका मताला शिस्त लावू पाहते. यातली सर्वांत प्रसिद्ध पट्टी नारांजोंची, १९८१ ची. दहा प्रश्न आणि उत्तरांचे गुण: ९ किंवा जास्त म्हणजे निश्चित, ५ ते ८ बहुधा, १ ते ४ शक्य, शून्य किंवा कमी म्हणजे शंकास्पद. जागतिक आरोग्य संघटनेच्या उप्साला केंद्राची पद्धत गुणांऐवजी वर्णनाने वर्ग ठरवते. आपल्या रचलेल्या घटनेला नारांजो लावून पाहू. औषधानंतर घटना: अधिक २. थांबवल्यावर सुधारणा: अधिक १. वस्तुनिष्ठ पुरावा: अधिक १. औषध नवं, त्यामुळे ‘आधीचे ठोस अहवाल आहेत का?’ याला शून्य. पुन्हा औषध देऊन पाहणं, रक्तातली पातळी, मात्रा बदलण्याचा परिणाम, सगळीकडे शून्य. उरतो पाचवा प्रश्न: दुसरं काही कारण घटना घडवू शकलं असतं का? ‘हो’ म्हटलं तर उणे १ आणि बेरीज ३, म्हणजे ‘शक्य’. ‘नाही’ म्हटलं तर अधिक २ आणि बेरीज ६, म्हणजे ‘बहुधा’.

एका उत्तराने वर्ग बदलला. आणि ते उत्तर अवलंबून आहे मुलीला कुणी काढ्याबद्दल विचारलं का, यावर. पट्टी नोंदींमधली उणीव भरून काढत नाही. ती तिला एक आकडा देते. शिवाय ही पट्टी नव्या औषधांसाठी आणि यकृतासाठी खास बनलेली नाही. यकृतासाठी १९९३ पासून रुकाम ही वेगळी पद्धत आहे. तिच्यात वेळ, उतार, इतर औषधं आणि विषाणूंच्या तपासण्या यांचे बारीक गुण आहेत, पण तिलाही त्याच तारखा लागतात.

या तिन्हींच्या सोबत एक धागा वर्गांच्या संख्येचा आहे. ‘निश्चित’पासून ‘असंबंधित’पर्यंत पाच-सहा पायऱ्या असाव्यात, की ‘वाजवी शक्यता आहे किंवा नाही’ एवढे दोनच पर्याय? सीऑम्सच्या सहाव्या कार्यगटाने २००५ मध्ये दोन पर्यायांकडे कल दाखवला. कारण ‘बहुधा’ आणि ‘शक्य’ यांच्यातला फरक दोन डॉक्टर सारखा लावत नाहीत. पायऱ्या हव्यात म्हणणारे सांगतात, की अनिश्चिततेची छटा पुसली तर पुढच्या वाचणाऱ्याला कमी कळतं. पण छटा खालच्या एका कारण देणाऱ्या वाक्यातही राहू शकते. पायरीचं नाव एकटं असेल, तर मला ते दोन पर्यायांहून फार उपयोगी वाटत नाही.

भारतातला जादा भार

आपल्याकडे या रकान्यावर पैसाही टांगलेला आहे. २०१९ च्या नवी औषधं व वैद्यकीय चाचणी नियमांनुसार संशोधकाने गंभीर घटना २४ तासांत केंद्रीय औषध प्राधिकरण, प्रायोजक आणि नीतिशास्त्र समिती या तिघांना कळवायची असते. विश्लेषणासह अहवाल १४ दिवसांत जातो. नुकसानभरपाई द्यायची का, हे इजा चाचणीशी संबंधित आहे की नाही यावर ठरतं. या संबंधाची व्याप्ती गोळीपुरती नाही. आराखड्याचं उल्लंघन, निष्काळजीपणा, आराखड्यामुळे द्यावी लागलेली सोबतची औषधं, चाचणीतल्या प्रक्रिया, प्लासिबोच्या चाचणीत उपलब्ध असूनही न दिलेले प्रमाणित उपचार, हे सगळं त्यात येतं. म्हणजे ‘औषधाशी संबंध नाही’ आणि ‘चाचणीशी संबंध नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्या अहवालात त्यांतलं एकच होतं.

यातून हितसंबंधांचा प्रश्न निघतो. मत लिहिणाऱ्या डॉक्टरला चाचणी चालू राहायला हवी असते, कंपनीला भरपाई द्यावी लागणार असते आणि त्याच दोघांकडून पहिलं मत मागवलं जातं. नियमांनी पुढे नीतिशास्त्र समिती, मृत्यूच्या बाबतीत तज्ज्ञ समिती आणि शेवटी प्राधिकरण असे टप्पे ठेवले आहेत. काहींना हे पुरेसं वाटतं. काहींचं म्हणणं असं, की हे सगळे टप्पे पहिल्या कागदावरच उभे असतात आणि तो कागद निवाड्याच्या भाषेत लिहिला असेल, तर वरच्या समित्यांकडे तपासायला काही उरत नाही. उपचारांची बाब मात्र नियमांत कारणाच्या बरीच आधी ठेवली आहे. इजा झाली की मोफत उपचार गरजेपर्यंत किंवा संबंध नसल्याचं सिद्ध होईपर्यंत चालू राहतात. त्यामुळे पहिल्या दिवशी ‘संबंध नाही’ लिहिण्याची घाई करायला वैद्यकीय कारण नसतं.

जे सुटलेलं नाही

निदान हे निरीक्षण की निवाडा? मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात, लक्षणांची यादी देण्यापेक्षा शक्य असेल तिथे एक निदान द्या. मोजणीसाठी ते बरोबर आहे. मळमळ, काविळीचे डोळे आणि वाढलेलं एसजीपीटी तीन वेगळ्या ओळींत गेलं, तर एकच यकृताची घटना तीन किरकोळ घटनांमध्ये विखुरते. पण ‘औषधजन्य यकृतदाह’ असं निदान दिलं, की कारण आत येऊन बसतं. ‘यकृतदाह, कारण अनिश्चित’ हा मधला मार्ग बरेच जण घेतात. संकेतांकांच्या कोशात त्याला जवळचा शब्द मिळतो की नाही, हे प्रत्येक वेळी शोधावं लागतं.

दुसरा प्रश्न २४ तासांचा. वेगाने कळवणं गरजेचं आहे, पण २४ तासांत तपासण्यांचे अहवाल हातात नसतात आणि फॉर्ममध्ये कारणाचा रकाना असतो. तो पहिल्या दिवशी रिकामा ठेवू द्यावा, की ‘संबंध नाकारता येत नाही’ असं आपोआप धरावं? दोन्हींचे समर्थक आहेत. दुसऱ्या मार्गात सावधगिरी जास्त आहे, पण सगळंच ‘शक्य’ ठरलं, तर खऱ्या इशाऱ्याला वेगळा आवाज राहत नाही.

आणि काढा? २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, की वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही आणि गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी जात असू शकते. हा वाद अजून पूर्ण शमलेला नाही. आपल्या रचलेल्या घटनेत तो जसाच्या तसा उतरतो. हिपॅटायटीस ई निगेटिव्ह आला. गोळी आणि काढा एकाच दिवशी बंद झाले. १ ऑगस्टला एसजीपीटी ९६ होतं आणि २८ ऑगस्टला ३१. उतार दोघांपैकी कशाच्या बंद होण्याने आला, हे या बाईंपुरतं कधीच कळणार नाही, कारण दोन्हींपैकी काहीही त्यांना पुन्हा देऊन पाहणं योग्य नाही. चाचणी संपून कुणाला काय मिळत होतं हे उघड होईल, तेव्हा कदाचित दुसऱ्या केंद्रावर काढा न घेतलेल्या कुणाचं एसजीपीटी सहाव्या आठवड्यात वाढलेलं सापडेल. त्या दिवशी या फाइलमधली ३ जुलै, १६ जुलै आणि २२ जुलै या तारखा आणि घराजवळच्या वेलीबद्दलचं मुलीचं वाक्य लागेल.